जेसीबीची बकेट गॅस पाइपला लागली तर? पहिली दहा मिनिटं आणि त्याआधीचे दोन दिवस



जेसीबी भाड्याने देण्याच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की प्रश्न ठरलेले असतात. हप्ता किती बसेल, तासाला किती डिझेल पिते, भाडं तासावर लावू की दिवसावर? बरोबरच आहे, धंद्यात उतरणारा माणूस हेच विचारणार. पण जमिनीखाली काय आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही. खरं तर या धंद्यातला सगळ्यात महागडा तास तोच असतो, ज्यात बकेट अशा वस्तूला लागते जी आपल्याला माहीतच नव्हती. पाण्याचा पाइप फुटला तर शिव्या खाऊन सुटता येतं. गॅसच्या पाइपला तसं नाही. म्हणून आजचा धडा फक्त या एका गोष्टीवर.

अंधेरीत काय झालं

9 मार्च 2025. मुंबईत अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब भागात मध्यरात्रीनंतर रस्त्याचं खोदकाम सुरू होतं. जेसीबीचा धक्का महानगर गॅसच्या जमिनीखालच्या लाइनला लागला, गॅस सुटला आणि आग लागली. तीन जण भाजले, वाहनांचंही नुकसान झालं. अग्निशमन दलाने तासाभरात आग विझवली. जेसीबीचा चालक जागेवरून निघून गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. गॅस सुटल्यावर चालकाने मशीन सोडून दूर जाणं चूक नाही, तेच करायचं असतं. पण दूर जाणं वेगळं आणि पळून जाणं वेगळं. दूर जाणारा माणूस जाताना इतरांना उठवतो, सुरक्षित ठिकाणी उभा राहून फोन करतो आणि येणाऱ्या बंबाला सांगतो की नेमकं कुठे लागलं. पळणारा ही सगळी माहिती सोबत घेऊन जातो. तुमचा ऑपरेटर यातला कोणता होईल हे त्याच्या स्वभावावर नाही, तुम्ही त्याला आधी काय सांगून ठेवलंय यावर ठरतं.

आधी पाइप ओळखा

तुमच्या बकेटसमोर गॅसचे मुख्यतः दोन प्रकारचे पाइप येऊ शकतात.

पहिला म्हणजे शहरातला प्लास्टिकचा पाइप. घराघरात गॅस नेणारं जाळं याचंच असतं. रंग पिवळा किंवा नारिंगी. आतला दाब जास्तीत जास्त 4 बारपर्यंत, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दुप्पट. ऐकायला कमी वाटतो, पण हा पाइप जेसीबीच्या दातांपुढे भाजीसारखा कापला जातो.

दुसरा स्टीलचा. शहराला गॅस पुरवणाऱ्या स्टीलच्या लाइनमध्ये दाब 49 बारपर्यंत असू शकतो. राज्याराज्यांतून जाणाऱ्या मोठ्या लाइनमध्ये तो त्याहूनही जास्त असतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावं. गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा लाइन समृद्धी महामार्गाला धरून येते आणि समृद्धी आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे गॅस लाइन आहे?’ असं म्हणून शेततळ्याचं किंवा मुरूम खोदण्याचं काम घेऊ नका.

खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

मोठ्या लाइनच्या वर जमिनीवर खांब आणि पाट्या असतात. रस्ता किंवा नाला ओलांडताना दोन्ही बाजूंना, आणि जिथे लाइन वळते तिथे हमखास. पाटीवर कंपनीचं नाव, आपत्कालीन फोन नंबर आणि त्या ठिकाणचा किलोमीटरचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे त्या जागेचा पत्ता. फोनवर ‘नाल्याजवळ, बाभळीपाशी’ सांगण्यापेक्षा तो आकडा सांगितला की समोरच्याला जागा लगेच कळते. म्हणून काम सुरू करायच्या आधीच पाटीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. शहरातल्या जाळ्यावर लहान खांब, रस्त्याच्या कडेला लावलेल्या पट्ट्या आणि व्हॉल्व्हच्या चौकोनी झाकणांच्या खुणा दिसतात.

जमिनीखालची खूण म्हणजे पाइपच्या वर अंथरलेली पिवळी इशारा पट्टी किंवा जाळी. पाइप साधारण मीटरभर खोल आणि पट्टी त्याच्या फूटभर वर. म्हणजे बकेटला पिवळं प्लास्टिक लागलं तर पाइप आता फक्त एका फुटावर आहे. ऑपरेटर म्हणाला, ‘भाऊ, खाली काहीतरी पिवळं दिसून राहिलं,’ तर तुमचं उत्तर एकच असलं पाहिजे: मशीन बंद, बकेट वर, आता फावडं.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते सांगतो. पट्टी नाही म्हणजे पाइप नाही, असं बिलकूल समजू नका. रस्ता न फोडता आडवं ड्रिल करून पाइप ओढून नेतात, तिथे वरून खोदलेलंच नसतं. मग पट्टी अंथरणार कशी? शिवाय तिथे पाइप एका टोकाला मीटरभर खोल आणि मध्ये बराच जास्त खोल असू शकतो. दुसरी अडचण म्हणजे रस्त्याची पातळी बदलते. रुंदीकरणात वरची माती काढली की मीटरभर खोल असलेला पाइप दीड-दोन फुटांवर येतो. तिसरी, आधीच्या कुठल्या तरी ठेकेदाराने पट्टी उपसून फेकलेली असते. आणि दोन खांबांच्या मध्ये लाइन सरळ रेषेतच असेल याचीही खात्री नाही. खूण फक्त एवढंच सांगते की इथे पाइप आहे. नेमका कुठे आणि किती खोल, हे हाताने उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधीचे दोन दिवस: एक उदाहरण

समजा तुम्हाला गावातल्या वर्दळीच्या रस्त्याकडेला 300 मीटर लांब आणि सव्वा मीटर खोल चर खणायचं काम मिळालं. केबल टाकायची आहे. ठेकेदार म्हणतो, ‘एका दिवसात उरकून टाक.’

पहिलं काम कागदावर. रस्ता ज्याचा आहे त्या कार्यालयाची खोदण्याची परवानगी ठेकेदाराकडून लेखी मागा आणि तिची प्रत आपल्याकडे ठेवा. केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं मोबाइल ॲप आहे, 22 मार्च 2023 ला सुरू झालेलं. प्ले स्टोअरवर CBuD नावाने मिळतं. त्यात खोदायची जागा आणि तारीख भरली की तिथे ज्यांच्या केबल-पाइप नोंदवलेल्या आहेत त्या संस्थांना सूचना जाते. पण ज्याने आपली लाइन ॲपमध्ये नोंदवलीच नाही त्याला सूचना जाणार नाही. म्हणून ॲपमध्ये भरा आणि गॅस कंपनीला, नगरपालिकेला वेगळं विचाराही. कंपनीचा माणूस जागेवर येऊन लाइन दाखवून गेला तर त्याच्या समोर चुन्याची रेघ मारून फोटो घ्या.

दुसरं काम चाचणी खड्ड्यांचं. चराच्या रेषेला आडवा, दीड मीटर लांब, दोन फूट रुंद आणि चराइतकाच खोल खड्डा, फावड्याने. आडवा का? कारण पाइप बहुतेक रस्त्याला समांतर धावतो. आडव्या खड्ड्यात तो सापडतो, समांतर खड्ड्यात बाजूने निसटतो. दर 30 मीटरवर एक म्हणजे 300 मीटरला 11 खड्डे. एका खड्ड्याची माती सव्वा घनमीटरच्या आत. चार मजूर असले तर हे दीड-दोन दिवसांचं काम. उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी होते, तेव्हा दोन दिवसच धरा. खड्डा खणताना टिकाव जोरात घालू नका. शेवटच्या दीड फुटात फक्त फावडं, तेही सपाट धरून.

पाइप सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंना बकेटसाठी बंदी. ब्रिटनमधल्या सुरक्षा मार्गदर्शनात गॅस पाइपपासून अर्ध्या मीटरच्या आत यांत्रिक खोदाई करू नये असं सांगितलंय. तो नियम आपणही धरावा, आणि कंपनीने जास्त अंतर सांगितलं तर कंपनीचं ऐकावं. मोठ्या दाबाच्या स्टीलच्या लाइनवर मात्र अर्धा मीटर वगैरे हिशोब चालत नाही. तिच्या पट्ट्यात कंपनीचा माणूस जागेवर उभा नसेल तर बकेट खाली टेकवायचीच नाही. त्या पट्ट्यात जमीन शेतकऱ्याची असली तरी 1962 च्या पाइपलाइन कायद्यानुसार तिथे विहीर, तळं किंवा बांधकाम करता येत नाही. म्हणून ‘शेत माझं आहे, खण बिनधास्त’ हे शेतमालकाचं वाक्य तुम्हाला वाचवणार नाही.

हे दोन दिवस भाड्याच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा: ‘चाचणी खड्डे, 11 नग, मजुरीसह.’ ठेकेदार ती ओळ खोडायला लागला तर कळून घ्या की तो धोका तुमच्या नावावर टाकतोय.

तिसरं काम पाच मिनिटांचं. मशीन सुरू करण्याआधी खोदायच्या जागेपासून दोन्ही बाजूंना 100 मीटर मोजा, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 130-135 पावलं. तिथल्या झाडाला किंवा खांबाला खूण करा आणि सगळ्यांना दाखवा की काही झालं तर इथे जमायचं. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूची खूण आपली.

लागलीच तर: पहिली दहा मिनिटं

बकेटला झटका बसला, फुस्स आवाज आला, धूळ वर उडाली, वास आला. आता क्रमाने.

इंजिन लगेच बंद करा आणि उतरा. बकेट आहे तिथेच राहू द्या. पहिली इच्छा होते बकेट वर ओढण्याची, आणि तीच मोठी चूक. दातांत अडकलेला पाइप ओढला तर फट मोठी होते, धातू घासून ठिणगी पडते. त्याहून वाईट म्हणजे ओढ पाइपमधून पुढे जाते आणि जवळच्या घराच्या भिंतीपाशी सांधा निसटतो. मग गळती दोन ठिकाणी होते, एक तुमच्या खड्ड्यात आणि दुसरी कोणाच्या तरी घरात, जी कोणाला दिसत नाही. म्हणून कंपनीच्या माणसाला आठवणीने सांगा, ‘पाइप ओढला गेला होता.’

कधी किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नाही, उलट आपोआप रेस होतं. डिझेल इंजिन हवेसोबत गॅस ओढतंय याची ती खूण. त्याच्याशी झटापट करू नका, उतरून निघा. गॅसच्या फवाऱ्याच्या आरपार जाऊ नका, उलट्या बाजूने आणि वाऱ्याकडे तोंड करून चाला. मोबाइल खिशात राहू द्या, फोन 100 मीटरच्या खुणेपाशी पोहोचल्यावर. विडी-सिगारेट तर नाहीच.

निघताना जवळच्या दुकानांना, घरांना ओरडून सांगा: बाहेर या, चालत या, बल्ब-पंख्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, गाडी स्टार्ट करू नका. बटण बंद करतानाही ठिणगी पडते, हे लोकांना माहीत नसतं. दाराची बेल वाजवू नका, दार हाताने ठोका. हेल्परला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवून वाहनं थांबवा.

खुणेपाशी पोहोचलात की 112 ला फोन आणि मग पाटीवरच्या कंपनीच्या नंबरला. चार गोष्टी सांगा: कुठे, पाइप प्लास्टिकचा की स्टीलचा, आग लागली आहे की नाही, कोणी जखमी आहे का. फोन आधी ठेवू नका.

आता तीन गोष्टी ज्या करायच्या नाहीत, कारण चांगल्या मनाने माणूस त्याच करतो.

खड्डा मातीने बुजवू नका. गॅस थांबत नाही, फक्त दिशा बदलतो. वरचा रस्ता निघाला की तो मातीतून, गटारातून, केबलच्या नळ्यांतून आडवा जातो आणि कोणाच्या तरी खोलीत निघतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की एक ठिणगी पुरते. मोकळ्या हवेत नैसर्गिक गॅस हलका असल्यामुळे वर निघून जातो, बंद खोलीत साठतो. शिवाय मातीतून जाताना त्यातला वासाचा पदार्थ मातीत शोषला जातो. म्हणून ‘आता वास येत नाही’ हा परत आत जायचा आधार नाही. कंपनीच्या माणसाने मीटरने घरं आणि गटारं तपासल्यावरच लोक परत.

पाइपला चिंधी किंवा बोळा लावू नका, दाबून धरू नका. वाहत्या गॅसमुळे प्लास्टिकच्या पाइपवर स्थिर वीज जमते, हात लावताच ठिणगी पडू शकते. जवळचा व्हॉल्व्हही आपल्या मनाने फिरवू नका.

आग लागलीच तर ज्वाला विझवू नका. जळणारा गॅस निदान दिसतो तरी. ज्वाला विझली आणि गॅस सुरूच राहिला तर तो साठून स्फोट होतो. आजूबाजूचं वाचवणं अग्निशमन दलाचं आणि गॅस बंद करणं कंपनीचं काम.

100 मीटर कुठे पुरतात, कुठे नाही

100 मीटर हा आकडा आला कुठून? अमेरिका आणि कॅनडात अग्निशमन दलं जे आपत्कालीन मार्गदर्शक पुस्तक वापरतात त्यात नैसर्गिक गॅसच्या गळतीसाठी सर्व बाजूंनी किमान 100 मीटर मोकळं करा असं आहे. गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेने 800 मीटरपर्यंत लोक हलवण्याचा विचार करा, असंही पुढे आहे. शहरातल्या प्लास्टिकच्या पाइपला 100 मीटरने सुरुवात करा, पुढचा निर्णय बंबवाल्यांचा.

मोठ्या स्टीलच्या लाइनचं गणित वेगळं. तिच्या आगीची झळ किती दूर घातक ठरते याचा अमेरिकेत वापरला जाणारा हिशोब असा आहे:

```
r = 0.69 × d × √p
```

इथे r म्हणजे अंतर फुटांत, d म्हणजे पाइपचा व्यास इंचांत आणि p म्हणजे दाब पौंड प्रति चौरस इंचात. समजा 24 इंची लाइन आणि दाब 70 बार, म्हणजे सुमारे 1015 पौंड. त्याचं वर्गमूळ जवळपास 32. गुणाकार केला की साधारण 530 फूट येतात, म्हणजे 160 मीटर. म्हणजे आपल्या 100 मीटरच्या खुणेवर उभा असलेला माणूस अजून घातक वर्तुळाच्या आतच आहे. आणि 160 मीटर ही सुरक्षित जागा नव्हे, ती धोक्याची कड आहे. म्हणून मोठ्या लाइनवर मीटर मोजत बसू नका. किमान 800 मीटर दूर जायचं, भिंत किंवा उंचवटा मध्ये ठेवून.

ओरखडा लपवू नका

समजा बकेट लागली, पण आवाज नाही, वास नाही. स्टीलवर फक्त एक चरा. ठेकेदार म्हणतो, ‘काही झालं नाही, माती टाक.’

बेल्जियममध्ये गिसलेंगियन नावाचं गाव आहे. तिथे कारखान्याच्या बांधकामावर मोठ्या गॅस लाइनला यंत्राने इजा झाली होती. पाइप तेव्हा फुटला नाही. काही आठवड्यांनी, 30 जुलै 2004 च्या सकाळी, गळतीची खबर मिळाली, बंब पोहोचला, आणि लोक हटवले जात असतानाच लाइन फाटली. 24 माणसं गेली, त्यात खबर मिळताच धावून आलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. सव्वाशेहून जास्त जखमी झाले.

चरा पडलेल्या जागी पाइपची भिंत पातळ होते आणि आतला दाब रोज तिथेच जोर लावतो. प्लास्टिकच्या पाइपलाही नियम आहे. ओरखडा भिंतीच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा खोल गेला तर तो तुकडा बदलतात. भिंत 10 मिलिमीटरची असेल तर 1 मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे हद्द झाली. हे डोळ्याने ठरवायचं आपलं काम नाही. खड्डा उघडा ठेवा, माणसं बाजूला करा, कंपनीला बोलवा. चरा त्यांनी पाहिल्याशिवाय माती पडता कामा नये.

शेवटी विम्याची एक ओळ

मशीनचा विमा म्हणजे रस्त्यावरच्या माणसांचा विमा नव्हे, हे बऱ्याच मालकांना अपघातानंतर कळतं. इतरांच्या नुकसानीची जबाबदारी पॉलिसीत आहे का, हे एजंटला विचारा. आणि बांधकामाच्या पॉलिसीत जमिनीखालच्या केबल-पाइपबद्दल वेगळी अट असते ती शोधा. खोदण्याआधी संबंधित कार्यालयांकडे लाइन कुठे आहे याची चौकशी केली असेल तरच भरपाई, असा तिचा अर्थ असतो. म्हणजे ॲपमधली नोंद, परवानगीची प्रत, चुन्याच्या रेघेचा आणि खड्ड्यांचा फोटो ही तुमच्या दाव्याची कागदपत्रं आहेत. एका फाइलमध्ये ठेवा.

आज संध्याकाळी एक करा. तुमच्या ऑपरेटरला आणि हेल्परला चहाला बसवा आणि विचारा, ‘बकेटला पिवळा पाइप लागला आणि फुस्स आवाज आला, तर पहिले काय करशील?’ दहापैकी आठ जण म्हणतील, ‘बकेट वर घेईन.’ तिथून सुरुवात करा.